डंपरच्या उजवीकडे काय दिसत नाही ते आधी चुन्याने आखून बघा: ओपनकास्टमधले धोके आणि ते आवरायची रीत

चंद्रपूर-वणी पट्ट्यात ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या कोळशाच्या खाणीत, आधी सरदार आणि मग ओव्हरमन म्हणून बरीच वर्षं काढली, आता व्हीटीसीतून, म्हणजे खाणीच्या ट्रेनिंग सेंटरातून, नवीन पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात की साहेब सगळ्यात जास्त जपायचं कशापासून. बहुतेकांना वाटतं ब्लास्टिंग. ब्लास्टिंगला सायरन असतो, झेंडे असतात, माणसं बाहेर काढलेली असतात, त्यामुळे तिथे सगळे सावध असतात. मी सांगतो डंपरपासून जपा, कारण तो दिवसभर डोळ्यासमोर असतो म्हणून त्याची सवय होते, आणि त्याच्या कॅबिनमधून तुम्ही दिसत नाही हे तुमच्या डोक्यातून निघून जातं.

एक प्रसंग सांगतो, खाणीचं नाव राहू द्या. रात्रपाळी होती, 60 टनी डंपर शॉवेलजवळ लोडिंगसाठी थांबलेला. सर्व्हेची कॅम्पर गाडी आली आणि डंपरच्या पुढे उजव्या कोपऱ्याला लागली, ड्रायव्हरने लाइट बंद केले कारण समोरच्याच्या डोळ्यावर प्रकाश पडू नये असं त्याला वाटलं. शॉवेलवाल्याने हॉर्न दिला, डंपर निघाला. मी वीस-पंचवीस पावलांवर होतो, वॉकीटॉकीवर ओरडलो, ऑपरेटरने ब्रेक मारला तेव्हा कॅम्परचा बंपर चाकाखाली गेला होता. आतले दोघं उड्या मारून निघालेले म्हणून वाचले. ऑपरेटर खाली उतरला, हात थरथरत होते, एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होता, "साहेब, मला दिसलीच नाही हो गाडी." तो खरं बोलत होता. मी नंतर त्याच्या सीटवर बसून बघितलं, गाडी तिथेच उभी होती आणि मलाही दिसली नाही.

न दिसणारी जागा आखायची कशी

त्या रात्रीनंतर मी ही गोष्ट प्रत्येक नवीन बॅचकडून करून घ्यायला लागलो, तासाभराचं काम आहे, खर्च म्हणजे अर्धं पोतं चुना.

डंपर सपाट जागी उभा करायचा, रस्त्यापासून लांब. पार्किंग ब्रेक, चाकाला उटी, इंजिन बंद, आणि चावी जो माणूस खाली फिरणार त्याच्या खिशात, ऑपरेटरकडे नाही. ऑपरेटर रोज बसतो तसाच सीटवर बसेल, पुढे वाकून किंवा उभं राहून बघायचं नाही. आरसे त्याच्या सवयीप्रमाणे लावलेले. मग खालच्या माणसाने दीड मीटरची काठी घ्यायची, वरच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं, आणि डंपरला चिकटून सुरुवात करून बाहेर चालत जायचं. ऑपरेटरला फडकं दिसलं की त्याने हात वर करायचा, तिथे चुन्याचा ठिपका. असं पुढे, दोन्ही कोपरे, दोन्ही बाजू, मागे, सगळीकडे दोन-दोन पावलांवर करायचं आणि शेवटी ठिपके जोडायचे. आरशात फडकं दिसतं त्या जागा वेगळ्या खुणेने दाखवा, कारण आरशात दिसतं म्हणजे ऑपरेटरने त्या क्षणी आरशातच बघितलं असेल तर दिसतं.

आमच्या 60 टनी डंपरला समोर साधारण सात पावलं फडकं दिसलं नाही, डाव्या बाजूला खिडकीतून मान काढली की जवळपासचं दिसतं, मागे आरसा सोडून काहीच नाही, आणि उजवीकडे अठरा पावलं गेल्यावर फडकं दिसलं. तुमच्या मशीनला आकडे वेगळे येतील, 100 टनीला तर नक्कीच मोठे येतील, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, मोजा. पण आकार सगळीकडे तोच येतो, उजवीकडे पोट सुटल्यासारखा. कारण साधं आहे, मोठ्या डंपरचं कॅबिन वरच्या डेकवर डाव्या बाजूला असतं, त्यामुळे उजवीकडचा अख्खा डेक आणि बॉनेट ऑपरेटरच्या नजरेच्या आड येतो.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली, आणि आजही ती ट्रेनिंगमध्ये कुणी नीट सांगत नाही. आपल्याकडे खाणीच्या स्वतःच्या डंपरबरोबर ठेकेदाराचे टिपर चालतात, तेच रस्त्यावरच्या ट्रकसारखे दिसणारे. टिपर भारतीय रस्त्यासाठी बनलेला, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे त्याची आंधळी बाजू डावीकडे. डंपरची उजवी, टिपरची डावी. खाली काम करणारा माणूस वर्षभर डंपरांजवळ काम करून "डावीकडून गेलं की दिसतो" हे अंगात मुरवतो आणि नंतर टिपरजवळही डावीकडूनच जातो, म्हणजे बरोबर जिथे दिसत नाही तिथून. म्हणून ज्या खाणीत दोन्ही चालतात तिथे दोन्हीचे चुन्याचे नकाशे शेजारी शेजारी आखा आणि सगळ्यांना त्यात उभं करा, ऑपरेटरला खाली आणि खालच्याला सीटवर. पोरांना पाटीवर आकृती काढून सांगितलेलं राहत नाही, पण सीटवर बसून आपलाच मित्र गायब झालेला बघितला की ते राहतं.

यावरून खाली चालायचे नियम आपोआप निघतात. कुठल्याही मशीनजवळ जायचं असेल तर डाव्या-उजव्याचा विचारच करू नका, ड्रायव्हर ज्या बाजूला बसलाय त्या बाजूने जा. आधी वॉकीटॉकीवर मशीनचा नंबर घेऊन बोला, तो "थांबलोय, या" म्हणेपर्यंत चुन्याच्या रेषेबाहेर उभे राहा, त्याच्याशी नजरानजर झाली तरी त्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत पुढे जाऊ नका. छोट्या गाडीवर उंच काठी, तिच्या टोकाला झेंडा आणि रात्री दिवा, तो इतका उंच पाहिजे की डंपरच्या सीटवरून दिसेल, हेही चुन्याच्या नकाशावर गाडी उभी करूनच तपासा. छोटी गाडी डंपरच्या पुढे-मागे कधीच लावायची नाही, तिची जागा वेगळी, मधे बर्म म्हणजे मातीचा बांध घातलेली. आणि हॉर्नचा कोड, चालू करताना एक, पुढे जाताना दोन, मागे येताना तीन, आणि हॉर्ननंतर थोडं थांबून मगच गाडी हलवायची, नाहीतर हॉर्न आणि चाक एकदमच सुरू होतं आणि खालच्या माणसाला हलायला वेळच मिळत नाही.

मागचा कॅमेरा, रिव्हर्सचा भोंगा, जवळ काही आलं की वाजणारी यंत्रं, हे सगळं असावंच. फक्त मे महिन्यात पाळी सुरू होताना कॅमेऱ्याची काच पुसली नाही तर दोन फेऱ्यात स्क्रीनवर तपकिरी चिखल दिसतो. आणि जवळ काही आलं की वाजणारं यंत्र शॉवेलजवळ सतत वाजत राहतं म्हणून ऑपरेटर त्याच्यावर कापड कोंबतात, हे मी बघितलंय. त्यांना रागावून उपयोग नाही, यंत्राचं अंतर लोडिंगच्या जागेसाठी वेगळं सेट करून घ्या.

रस्ता आणि बर्म

हॉल रोडचं गणित सोपं आहे. दोन्हीकडून वाहतूक असेल तर सगळ्यात रुंद गाडीच्या तिप्पट आणि वर पाच मीटर. आमचा 60 टनी डंपर पाच मीटर धरा, म्हणजे तीन पाचे पंधरा अधिक पाच, वीस मीटर. चढ 16 ला 1 पेक्षा जास्त नको. आणि कडेचा बर्म उंचीला कमीत कमी सगळ्यात मोठ्या गाडीच्या टायरच्या व्यासाइतका, 60 टनीचा टायर दोन मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे बर्म तुमच्या डोक्याच्या वर जायला पाहिजे, कमरेएवढा मातीचा ढीग म्हणजे बर्म नाही.

हे वीस मीटर कागदावर असतात, प्रत्यक्षात काय होतं तर ग्रेडर चालून चालून कडेला माती जमते, पावसात बर्म धुपून आत पसरतो आणि रस्ता सोळावर येतो, कुणाच्या लक्षात येत नाही कारण तो रोज वीत-वीतभर कमी होतो. म्हणून महिन्यातून एकदा टेप घेऊन वळणावर मोजा. सरळ पट्ट्यावर मोजून काही कळत नाही, वळणावर मोजा, कारण वळणावर डंपरचं मागचं चाक आत कापतं आणि समोरचा उजव्या आंधळ्या बाजूला असेल तर ऑपरेटरला तो शेवटपर्यंत दिसत नाही. वेगाचंही तसंच, ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद गेले की डंपर बारा ते सोळा मीटर पुढे, अजून ब्रेक लागायलाच सुरुवात झालेली नाही. हे भरलेल्या गाडीने उताराला आणि पाणी मारलेल्या रस्त्यावर किती होईल ते तुम्हीच बघा.

डंपवर गाडी मागे घेताना

ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, डंपवर काठाशी गाडी मागे घेणं हे माझ्या मते सगळ्यात नाजूक काम आहे, कारण मागे बघायला आरसा आणि खाली पोकळ माती. काठाकडे येताना काठ ड्रायव्हरच्या बाजूला राहील अशी गाडी आणायची, म्हणजे तो खिडकीतून काठ बघत येतो, भेग आहे का, बर्म खचलाय का, दुसरं कुणी आहे का. मग काठापासून दूर वळायचं आणि काटकोनात मागे यायचं. आता बघा, डंपरसाठी काठ डावीकडे पाहिजे आणि टिपरसाठी उजवीकडे. दोघं एकाच डंपवर एकाच दिशेने फिरत असतील तर त्यातला एक कायम आंधळ्या बाजूने काठाला येतोय. म्हणून दोघांचे डंप पॉइंट वेगळे करा, जागा नसेल तर पाळीतले तास वेगळे करा. हे सांगितलं की उत्पादनवाले नाराज होतात, होऊ द्या.

डंपचा माथा काठाकडे थोडा चढता ठेवायचा, म्हणजे पाणी आत येतं, काठावरून खाली झिरपत नाही आणि गाडी मागे घेताना चढावर येते, आपोआप घरंगळत नाही. बर्मला चाक टेकवून थांबायची सवय मोडा, बर्म ही इथपर्यंतच ही खूण आहे, तिच्यावर डंपर थांबेल असं समजून कुणी ताशी पाचनेही आदळायचं नाही. पाऊस, धुकं, काठावर भेग, यातलं काहीही असेल तर काठावर टाकूच नका, आत आठ-दहा मीटरवर टाका आणि डोझरने ढकला. डोझरचं डिझेल जास्त जातं हे मला माहीत आहे. डंपची उतरण 37.5 अंशांपेक्षा उभी नको आणि एका थराची उंची 30 मीटरच्या वर नको, त्यावर गेलं की पायऱ्या पाडायच्या. आणि डंपच्या पायथ्याशी कुणी माती उचलायला मशीन लावली असेल तर वरचं काम बंद, याला अपवाद नाही.

बेंचवरची भेग वाचायची कशी

वर्धा खोऱ्यातल्या आपल्या खाणींचा वरचा थर काळी माती. उन्हाळ्यात ती इतकी फाटते की हात जाईल, आणि जूनचा पहिला पाऊस सरळ त्या फटीतून आत जातो, फुगते, जड होते, खालचं घट्टपण जातं. त्यामुळे आपल्याकडे दरडीचा धोका पावसाच्या पहिल्या दिवशी असतो तसाच पाऊस थांबून ऊन पडल्यावर दोन-चार दिवसांनीही असतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे निवांत होतात की बरं झालं, उघडलं.

बेंच म्हणजे खाणीच्या भिंतीतली पायरी, तिची रुंदी ठरवताना तीन गोष्टी बघतात, त्यावर चालणारं सगळ्यात रुंद मशीन अधिक दोन मीटर, डंपर चालत असेल तर त्याच्या रुंदीच्या तिप्पट, आणि बेंचची उंची, यातलं जे जास्त ते. उंची मशीनच्या पोहोचेपेक्षा जास्त नको, कारण पोहोच संपली की शॉवेल खालून खणतो आणि वरचं छप्पर लटकतं. हे लटकलेलं ड्रेसिंग करून काढेपर्यंत खाली माणूस नको.

आता भेग. काळ्या मातीत उन्हाळ्यातल्या फटी जाळ्यासारख्या चहूबाजूंनी असतात, त्या वेगळ्या. भीती कशाची, तर काठाला समांतर, धनुष्यासारखी वाकलेली आणि एका बाजूला जमीन खाली बसलेली भेग दिसली तर. अशी दिसली की त्याच तासाला खालचा फेस, म्हणजे खणायचं काम चालतं ती जागा, रिकामा करा, वर दोरी बांधा, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, काठाकडच्या बाजूची खुंटी ठोकताना कंबरेला दोरी बांधलेली पाहिजे. दोन खुंट्यांमधलं अंतर रोज एकाच वेळेला टेपने मोजायचं, शेजारी कालचा पाऊस लिहायचा.

एक नमुना घेऊन दाखवतो. पहिल्या मोजणीपासून भेग सोमवारी 12 मिलिमीटर वाढलेली, मंगळवारी 14, बुधवारी 17, गुरुवारी 22, शुक्रवारी 32. नुसते आकडे बघितले तर वाटतं तीन सेंटिमीटरच तर आहे. रोजची वाढ काढा, 2, 3, 5, 10. आता एकाला त्या वाढीने भागा, 0.5, 0.33, 0.2, 0.1. हे आकडे ग्राफवर मांडले तर रेघ खाली येत येत शून्याला कुठे टेकते, तर शनिवारच्या आसपास. शून्याला टेकणं म्हणजे वाढीचा वेग आवाक्याबाहेर जाणं, म्हणजेच दरड. ही रीत जगभर वापरतात, मोठ्या खाणीत हेच काम रडार आणि प्रिझम लावून मिनिटामिनिटाला होतं, पण खुंटी आणि टेपनेही दिशा कळते. याची मर्यादाही लक्षात ठेवा, मोठा पाऊस आला की रेघ एका रात्रीत बदलते, आणि खालच्या कडक सँडस्टोनमध्ये जुनी फट किंवा फॉल्ट असेल तर तो आठवडाभर आधी सांगून पडत नाही. त्यामुळे शनिवार निघाला म्हणून शुक्रवारपर्यंत काम करायचं असा अर्थ कुणी काढू नये, वाढ रोज वाढतेय हे बुधवारीच दिसलं होतं.

भेग बुजवून टाकणं ही आपल्याकडची वाईट सवय. पाणी जाऊ नये म्हणून माती भरून वरून दाबणं बरोबर आहे, पण आधी खुंट्या लावून मग, नाहीतर भेग नजरेआड होते आणि मोजायलाच काही उरत नाही. वरच्या बाजूने पाण्याला वळवणारा चर पावसाआधी साफ पाहिजे, मे संपायच्या आत. भिंतीतून पाणी आधी स्वच्छ येत होतं आणि आता गढूळ येतंय असं दिसलं तर आतली माती वाहून जातेय, हा निरोप मॅनेजरपर्यंत त्याच पाळीत लेखी जायला पाहिजे.

29 डिसेंबर 2016 ला झारखंडमध्ये गोड्डा जिल्ह्यात लालमटियाच्या राजमहल ओपनकास्टमध्ये माती सरकली आणि मशीनसकट 23 माणसं गेली. संध्याकाळ उलटलेली होती आणि काम चालू होतं. मी ते दर वर्षी पोरांना सांगतो, कारण एवढा डोंगर सरकायला लागल्यावर धावून सुटता येत नाही, आधी बाहेर असलेलाच वाचतो.

धूळ

धुळीला लोक फक्त छातीचा आजार समजतात. छातीचं आहेच, सँडस्टोन ड्रिल करताना जी बारीक सिलिका उडते ती पाच मायक्रॉनच्या आसपास आणि त्याखालची असते, डोळ्याला दिसत नाही, हवेत तासन्‌तास राहते, आणि तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. म्हणूनच धुळीची परवानगीची मर्यादा ठरवताना त्यात सिलिका किती टक्के आहे ते बघतात, सिलिका जास्त तर मर्यादा कमी. ओबीच्या ड्रिलवर पाणी मारून ड्रिलिंग किंवा धूळ ओढणारी यंत्रणा हवीच, आणि ड्रिलवाल्याला नुसता रुमाल चालणार नाही, तोंडाला घट्ट बसणारा योग्य मास्क हवा, दाढीवर तो बसत नाही हेही सांगा. डंपरवाल्याने एसी कॅबिनची खिडकी बंद ठेवली तरच कॅबिनचा उपयोग, दाराचं रबर फाटलं असेल तर ते ब्रेकइतक्याच तातडीने बदला.

पण हॉल रोडवर धुळीचं पहिलं नुकसान म्हणजे दिसणं बंद होतं. पुढच्या डंपरच्या धुरळ्यात मागचा शिरला की चुन्याने आखलेली ती आंधळी जागा चारी बाजूंनी सारखी होते. त्यामुळे नियम असा ठेवा की पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसत नसेल तर बाजूला घेऊन, दिवे चालू ठेवून थांबायचं आणि वॉकीटॉकीवर सांगायचं. ही थांबलेली मिनिटं ऑपरेटरच्या नावावर लावू नका, लावली की कुणी थांबत नाही.

पाण्याचं गणित करून बघा. दीड किलोमीटर रस्ता, वीस मीटर रुंद, म्हणजे 30 हजार चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर धरलं तर एका फेरीला 15 हजार लिटर. 28 हजार लिटरचा टँकर दोन फेऱ्याही पुऱ्या देत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात ते पाणी तासाभराच्या आत सुकतं, आणि टँकर भरून यायलाच चाळीस मिनिटं लागत असतील तर एका टँकरने हा रस्ता ओला राहूच शकत नाही, ड्रायव्हर कितीही चांगला असो. मग एकतर दुसरा टँकर मागा, किंवा मुख्य रस्त्याला कडेने कायमचे फवारे, किंवा ओल धरून ठेवणारं मीठ पाण्यात मिसळून. आणि ग्रेडर, कारण सांडलेले दगड-माती चाकाखाली दळून धूळ होते, ते उचललं तर पाणी कमी लागतं.

रॅम्पवर मात्र सलग पाणी मारू नका. उतारावर अख्खी ओली पट्टी म्हणजे साबण. टँकरवाल्याला सांगा, थोडं अंतर ओलं, थोडं कोरडं असं सोडत जा, म्हणजे चाकाला मधेमधे पकड मिळते. वळणाच्या आधी आणि ब्रेक मारायच्या जागी कोरडंच ठेवा. आमच्याकडे एका टँकर ड्रायव्हरने रॅम्पच्या कडेला दगडांवर पांढरा आणि काळा रंग मारून घेतला होता, पांढऱ्यापाशी पाणी सोडायचं, काळ्यापाशी बंद. रात्री हेडलाइटमध्ये पांढरा दगड चमकतो, त्यामुळे बदली ड्रायव्हर आला तरी चुकत नव्हता, आणि आम्ही त्या दगडांना पावसाळ्याआधी दर वर्षी नवीन रंग देतो.